खिळा अक्षांशाचा, दोरा खलाशाच्या शब्दाचा

प्रश्न: "उपग्रह नाहीत, विमानं नाहीत, जहाजावर चालेल असं घड्याळसुद्धा नाही. तरी पंधराव्या-सोळाव्या शतकातल्या नकाशांवर किनारे ओळखू येतात. नकाशा काढणारा तर बहुतेक वेळा घरीच बसलेला असायचा. मग जागेचा अक्षांश कसा ठरवायचे, आणि खलाशांनी सांगितलेल्या गोष्टींवरून किनारा कसा काढायचे?"

माझी तीस वर्षं जलसर्वेक्षणात गेली आणि जुने सागरी नकाशे हा त्यातूनच लागलेला नाद. थोडक्यात सांगायचं तर अक्षांश आकाशावरून मोजायचे आणि दोन मोजलेल्या जागांमधला किनारा होकायंत्राची दिशा व अंदाजी अंतर यांवरून भरायचे. या दोन गोष्टी एकमेकींशी जुळल्या नाहीत, तर अक्षांशाचं ऐकायचे. हे नीट कळायला आपलाच किनारा घेऊ. नोव्हेंबर १५३८ मध्ये पोर्तुगीज आरमार गोव्याहून दीवला निघालं. त्यात जुआंव द कास्त्रु नावाचा अधिकारी होता. पुढे तो गोव्याचा व्हाइसरॉय झाला, पण या सफरीत तो बंदर लागलं की उंची मोजत होता, खोली टिपत होता आणि बंदराचं चित्र काढून घेत होता. गोवा ते दीव या मार्गाची त्याची टिपणवही आजही उपलब्ध आहे.

आधी अक्षांश. शाळेत आपण शिकलो की ध्रुवताऱ्याची उंची म्हणजे अक्षांश. तेव्हा ते इतकं सरळ नव्हतं. त्या काळी ध्रुवतारा खऱ्या ध्रुवापासून साडेतीन अंशांच्या आसपास दूर होता. रात्रभरात तो ध्रुवाभोवती छोटं वर्तुळ काढायचा, म्हणजे एकाच जागेवरून त्याची उंची सात अंशांपर्यंत बदलायची. म्हणून ध्रुवमत्स्यातले दुसऱ्या टोकाचे दोन ठळक तारे कुठल्या बाजूला आहेत ते बघून उंचीत किती मिळवायचं किंवा वजा करायचं याचे नियम नाखवे पाठ करायचे. त्यात कोकणासारख्या ठिकाणी हा तारा क्षितिजापासून पंधरा-वीस अंशांवरच असतो. समुद्रावरच्या धुरकट हवेत तो दिसला तर दिसला.

म्हणून पोर्तुगीजांचा भर दुपारच्या सूर्यावर होता. साधन म्हणजे जहाजी अ‍ॅस्ट्रोलेब. आपल्याकडच्या ज्योतिषांनी या यंत्राच्या विद्वानांसाठीच्या रूपाला 'यंत्रराज' म्हटलं होतं. जहाजावरचं रूप मात्र अगदी साधं: पितळेची किंवा काशाची चकती, कडेला अंशांच्या खुणा, मधे फिरणारी पट्टी आणि पट्टीच्या दोन टोकांना उभ्या पत्र्यात एकेक बारीक भोक. चकती अंगठ्याला टांगायची आणि पट्टी अशी फिरवायची की वरच्या भोकातून आलेला उन्हाचा ठिपका बरोबर खालच्या भोकावर पडेल. सूर्याकडे डोळा लावावा लागत नाही. मध्यान्हाच्या आधीपासून मोजत राहायचं. उंची वाढते, काही वेळ थबकते, मग उतरू लागते. सगळ्यात मोठा आकडा तो मध्यान्हीचा.

आता त्या आकड्यातून अक्षांश कसा काढायचा ते चौलच्या उदाहरणाने बघू. दिवस हिवाळी अयनाचा धरू. सूर्य तेव्हा विषुववृत्ताच्या साडेतेवीस अंश दक्षिणेला असतो. याला आपल्या पंचांगात सूर्याची क्रांती म्हणतात. समजा, चौलला मध्यान्हीची उंची ४८ अंश भरली. डोक्यावरच्या बिंदूपासून, म्हणजे खमध्यापासून, सूर्य ९० वजा ४८ म्हणजे ४२ अंश खाली आहे. या ४२ मधले साडेतेवीस अंश सूर्य विषुववृत्ताच्या पलीकडे आहे म्हणून. ते वजा केले की उरले साडेअठरा. हाच चौलचा अक्षांश, आणि तो आजच्या मोजमापाशी जुळतो.

यात क्रांतीचा आकडा रोज बदलतो, म्हणून तक्ते लागतात. ते अब्राहाम झाकूतो या ज्यू खगोलज्ञाच्या कामावर आधारलेले होते आणि १४९६ मध्ये पोर्तुगालमधल्या लैरियात छापले गेले. मार्चमध्ये आणि सप्टेंबरमध्ये क्रांती दिवसाला जवळजवळ ०.४ अंशांनी सरकते. तेव्हा तारखेत एका दिवसाची चूक झाली तर जमिनीवर चाळीसेक किलोमीटरची चूक ठरलेली. डिसेंबरात मात्र ती जवळजवळ स्थिर असते, म्हणून मी वरचं उदाहरण तेव्हाचं घेतलं.

त्याहून मोठी चूक नियम उलटा लावण्याची. आपल्याकडे 'शून्य सावली'चा दिवस आता सगळ्यांना माहीत आहे. मुंबईत तो मेच्या मध्यावर येतो. त्या दिवसापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो आणि वरची वजाबाकी तशीच केली तर उत्तर साफ चुकतं. युरोपातल्या नाखव्याला त्याच्या घरी हा प्रश्न कधीच पडत नव्हता. म्हणून पोर्तुगीज नियमपुस्तिकांत सावली कुठे पडते आणि सूर्य विषुववृत्ताच्या कुठल्या बाजूला आहे, याच्या प्रत्येक जोडीसाठी वेगळा नियम दिलेला असे. नाखव्याला त्यामागची भूमिती समजण्याची गरज नव्हती. योग्य नियम निवडला की झालं.

मोजमाप किती बारीक व्हायचं? ओमानजवळ १५०३ मध्ये बुडालेल्या पोर्तुगीज कप्तान विसेंत सोद्रे याच्या ताफ्यातल्या एका जहाजाच्या अवशेषांत अशी चकती सापडली. तिचा व्यास साडेसतरा सेंटीमीटर आहे. म्हणजे कडेवर एक अंश जेमतेम दीड मिलिमीटरचा. तिच्यावर खुणाही पाच-पाच अंशांवर आहेत, मधलं सगळं डोळ्याच्या अंदाजाने. मी स्वतः त्याच आकाराची लाकडी चकती करून डिसेंबरात चौलशेजारच्या रेवदंड्याच्या पुळणीवर उभा राहिलो आहे. वारा लागला की चकती हलते, उन्हाचा ठिपका नाचतो आणि हात अवघडतो. पहिलं वाचन ४७ आलं, दुसरं ४९. मग भिंतीच्या आडोशाला तिकाटणं लावून ती टांगली, खाली दगड बांधला आणि पाच वेळा मोजलं, तेव्हा आकडे ४८च्या आगेमागे अर्ध्या अंशात बसले. पुढच्या काळातले जहाजी अ‍ॅस्ट्रोलेब जाड ओतलेले, खालून जड आणि मधून पोकळ का आहेत, ते त्या दिवशी हाताला कळलं. वारा आरपार जायला हवा आणि चकती जडपणानं स्थिर राहायला हवी.

म्हणूनच चांगले अक्षांश जमिनीवर उतरून घेतलेले असत. वास्को द गामाने १४९७ मध्ये आफ्रिकेच्या सेंट हेलेना उपसागरात मुद्दाम उतरून मोठा लाकडी अ‍ॅस्ट्रोलेब उभारला तो याचसाठी. पोर्तुगीज दर्यावर्दी काब्रालच्या ताफ्यातल्या मेश्त्रे जुआंव याने १५०० साली ब्राझीलच्या किनाऱ्यावरून राजाला पत्र लिहिलं. हलत्या जहाजावर चार-पाच अंशांची चूक टाळता येत नाही, असं त्याने त्यात स्पष्ट म्हटलं आहे. जमिनीवर त्याला २७ एप्रिलला मध्यान्हीची उंची ५६ अंश मिळाली आणि त्यावरून त्याने १७ अंश दक्षिण अक्षांश काढला. ती जागा खरं तर साडेसोळा अंशांच्या किंचित अलीकडे आहे. म्हणजे चूक अर्ध्या अंशाहून थोडी जास्त, साठ-सत्तर किलोमीटरची. जुन्या नकाशावर एखादं बंदर इतकं सरकलेलं दिसलं, तर ती हयगय समजू नये. ती त्या साधनाची मर्यादा आहे.

आपल्या समुद्रात याआधीपासून दुसरी पद्धत चालू होती. अरब आणि हिंदी किनाऱ्यांवरचे नाखवे कमाल वापरायचे: लाकडाचा चौकोनी तुकडा आणि मधून ओवलेली, गाठी मारलेली दोरी. गाठ दातात धरून दोरी ताणायची, तुकड्याची खालची कड क्षितिजाला टेकवायची, आणि वरची कड ताऱ्याला लागली की ती गाठ म्हणजे त्या बंदराची खूण. माप बोटांत, एक बोट म्हणजे सुमारे एक अंश छत्तीस कला; साठ कलांचा एक अंश. या पद्धतीत अक्षांशाचा आकडा काढावाच लागत नाही. ज्या बंदराला जायचं त्याची गाठ जुळेपर्यंत उत्तर-दक्षिण जायचं आणि मग तीच उंची सांभाळत किनाऱ्याकडे वळायचं. हे ज्ञान लिस्बनपर्यंत पोचलं. १५०२ च्या प्रसिद्ध कांतिनो या पोर्तुगीज जगनकाशावर पूर्वेकडच्या काही ठिकाणांची उंची बोटांच्याच मापात लिहिलेली आहे. तिथे अजून कोणी पोर्तुगीज गेलेला नव्हता. नकाशा काढणाऱ्याने ऐकीव माहिती ज्या मापात मिळाली त्याच मापात ठेवली, हे मला त्याच्या प्रामाणिकपणाचं फार मोठं लक्षण वाटतं.

आता किनारा. नकाशा काढणाऱ्याच्या हाती नाखव्याची टिपणवही येते. तिच्यात मुख्यतः तीन गोष्टी असतात: कुठल्या दिशेला किती लीग गेलो, कुठे पाणी किती वाव खोल आणि तळाला काय, आणि समुद्रावरून जमीन कशी दिसते. दिशा होकायंत्राची, त्याच्या गोलाचे बत्तीस भाग, एक भाग सव्वाअकरा अंशांचा. अंतर मात्र निव्वळ अंदाज. जहाजाच्या कडेने पाणी कसं पळतंय ते पाहायचं, वाळूचं घड्याळ किती वेळा उलटलं ते मोजायचं आणि अनुभवावरून आकडा सांगायचा. लीग म्हणजे जवळजवळ सहा किलोमीटर.

समजा, नाखव्याने सांगितलं की गोव्याहून चौलला उत्तरेपासून एक भाग पश्चिमेकडे धरून साठ लीग आलो. कागदावर आधीच दिशांच्या रेषांचं जाळं आखलेलं असतं. नकाशा काढणारा गोव्यावर कंपासचं टोक ठेवतो आणि त्या रेषेला समांतर साठ लीग मोजतो. चौल पडतं जवळजवळ १८ अंश ५० कलांवर. पण मोजलेला अक्षांश साडेअठरा. वीस कलांचा फरक. आता काय करायचं? नियम असा की दिशा तशीच ठेवायची, अंतर कापायचं, आणि त्या रेषेवर जिथे साडेअठरा अंश येतात तिथे बंदर मांडायचं. त्या काळी एक अंश म्हणजे साडेसतरा लीग असं धरत. गोवा साडेपंधरावर, चौल साडेअठरावर, फरक तीन अंश, म्हणजे सरळ उत्तरेला साडेबावन्न लीग. तिरक्या रेषेवर ते साडेत्रेपन्न होतात. साठातले साडेसहा लीग गेले. नाखव्याने अंतर वाढवून सांगितलं, असं नकाशा काढणाऱ्याने धरलं.

गंमत अशी की नाखवा बरोबर होता. गोवा ते चौल सरळ अंतर साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास आहे, म्हणजे साठ लीगच. चूक होती ती साडेसतराच्या आकड्यात, कारण त्यांनी पृथ्वी खऱ्यापेक्षा लहान धरली होती. पण तरीही चौल नकाशावर योग्य अक्षांशावरच बसलं, कारण अंतिम शब्द सूर्याचा होता. अंतराचा तक्ता चुकीचा असूनही उत्तर-दक्षिण किनारे इतके चांगले का आले, याचं उत्तर या एका नियमात आहे. अक्षांशाचा खिळा पक्का ठोकला की अंतराचा दोरा सैल असो की ताणलेला, बंदर फार हलत नाही.

पूर्व-पश्चिम मात्र या खिळ्याचा काही उपयोग नाही. वरच्या हिशोबात चौल गोव्याच्या साडेदहा लीग पश्चिमेला पडलं. प्रत्यक्षात ते चौदा-पंधरा लीग पश्चिमेला आहे. ही चूक दिशेतून आली. होकायंत्राची सुई खरी उत्तर दाखवत नाही आणि त्या काळी आपल्या समुद्रात ती उत्तरेच्या पश्चिमेला झुकायची. नाखवा सुईवरून दिशा सांगणार आणि नकाशा काढणारा ती खरी समजून रेघ ओढणार. त्यामुळे सगळा किनारा थोडा पिळला जातो.

कास्त्रुचं खरं मोठेपण इथे आहे. त्याने सुई किती ढळते ते ठिकठिकाणी मोजलं. गणिती पेद्रू नूनिश याने सुचवलेलं साधन त्याच्याजवळ होतं: सपाट तबकडी, मधे उभी काडी, आणि सोबत होकायंत्राची सुई. सकाळी सूर्य ठरावीक उंचीवर असताना काडीची सावली सुईच्या हिशोबाने कुठे पडते ते टिपायचं. दुपारनंतर सूर्य पुन्हा त्याच उंचीवर आला की सावली परत टिपायची. दोन सावल्यांच्या बरोबर मधली रेषा ही खरी उत्तर-दक्षिण. सुई तिच्यापासून जितकी दूर तितका तिचा कल. यात घड्याळ लागत नाही आणि तक्तेही लागत नाहीत.

हे करताना त्याला दोन गोष्टी सापडल्या. लिस्बनहून येताना ऑगस्ट १५३८ मध्ये त्याच्या लक्षात आलं की सुई एकाएकी भलतंच दाखवते आहे, आणि कारण निघालं जवळ ठेवलेली लोखंडी तोफ. पुढे डिसेंबरात वसईजवळ खडकांवर सुई पुन्हा बिघडली. तिथे तोफ नव्हती, त्याने दोष खडकाला दिला. आपल्याकडचा काळा पाषाण म्हणजे बेसॉल्ट, त्यात लोहचुंबकाचे कण असतात, आणि आजही कोकणात खडकावर टेकवून होकायंत्र वाचलं तर ते फसवतं. आम्हाला सर्वेक्षणात पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं की होकायंत्र तिकाटण्यावर ठेवा, कातळावर नाही.

तिसरी गोष्ट, जमीन कशी दिसते, ही मला स्वतःला सगळ्यात मोलाची वाटते. समुद्रावरून रेवदंड्याकडे येताना किनारा सपाट आणि एकसारखा दिसतो, पण खाडीच्या दक्षिणेला कोर्लईचा डोंगर एकदम उठून पुढे येतो. तो दिसला की खाडीचं तोंड सापडलं. पोर्तुगीज त्याला चौलचा 'मोर्रु' म्हणत. कास्त्रुच्या बंदरचित्रांत अशा खुणा ठळक आहेत. टिपणवहीत खोली लिहिताना शिशाच्या वजनाच्या बुडाला चरबी लावलेली असे, तिला तळाचा चिखल, वाळू किंवा शिंपला चिकटून यायचा. किनारा दिसायच्या आधीच्या खुणाही असत. हिंदुस्थानचा किनारा जवळ आला की पाण्यात समुद्रसाप दिसू लागतात, हे दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक नाविकांनाही ठाऊक होतं आणि पोर्तुगीज नाखव्यांनाही.

अशा वर्णनावरून किनारा काढला की तो एकाच मापात येत नाही. जहाज जिथे शिरतं ती खाडी खऱ्यापेक्षा रुंद काढली जाते, ज्या बेटाला आपटायची भीती ते मोठं होतं, आणि जो भाग रात्री किंवा दुरून पार केला तो सरळ रेघेने किंवा एकसारख्या अर्धवर्तुळांच्या माळेने भरला जातो. जुना नकाशा हातात आला की मी आधी तेच शोधतो. उपसागर एकाच आकाराचे, एकाच अंतरावर असतील तर तिथे माहिती संपलेली आहे. आकार वेडेवाकडे आणि नावं दाटीने असतील तर तिथे कोणी तरी खरंच जाऊन आलं आहे.

आता शेवटचा टप्पा. दमणपर्यंत किनारा साधारण उत्तरेला जातो, म्हणून प्रत्येक बंदराचा अक्षांश नकाशाला सावरून धरतो. दमणहून दीवला जाताना खंबायतच्या आखाताच्या तोंडावरून पश्चिमेला वळावं लागतं. दोघांच्या अक्षांशात जेमतेम पाव-तृतीयांश अंशाचा फरक, म्हणजे अ‍ॅस्ट्रोलेबच्या चुकीपेक्षाही कमी. मधलं अंतर मात्र दोनशे किलोमीटरच्या घरात. इथे सूर्य काही मदत करत नाही, आणि अंतराचा अंदाजही फसतो, कारण आखातातलं भरती-ओहोटीचं पाणी जबरदस्त ओढीचं. जहाज पाण्यात पुढे जातंय असं वाटतं आणि पाणीच त्याला आखातात किंवा बाहेर खेचत असतं. अशा वेळी नकाशा काढणारा बऱ्याच नाखव्यांचे आकडे जमवायचा. लिस्बनमध्ये राजाच्या कोठारात एक मूळ नकाशा ठेवलेला असे आणि परत आलेल्या जहाजांच्या माहितीवरून तो दुरुस्त होत राही. पण सगळ्यांना त्याच पाण्याने त्याच दिशेला खेचलं असेल, तर कितीही आकडे जमवले तरी चूक तशीच राहते.

तुमच्याजवळ सोळाव्या शतकातल्या एखाद्या नकाशाची अक्षांशपट्टी असलेली चांगली प्रत असेल तर करून बघा. गोवा, चौल, वसई यांचे अक्षांश कडेच्या पट्टीवरून मोजा, मग खंबायतच्या आखाताचं तोंड किती रुंद दाखवलंय ते त्याच पट्टीच्या अंशांत मोजून आजच्या नकाशाशी ताडा. पहिली तीन बंदरं अर्ध्या-एक अंशात बसतील अशी माझी अपेक्षा आहे. आखाताबद्दल मी तशी हमी देणार नाही.